तीन जलकुंभ आणि एक तिठा
मधल्या गावाची टाकी रात्रीतून रिकामी का होते?

पाणीपुरवठ्याच्या एखाद्या सामुदायिक योजनेतील मधल्या गावाकडून पुष्कळदा एकच तक्रार येते. सायंकाळी गावचा जलकुंभ काठोकाठ भरलेला असतो. रात्री गावात कोणीही पाणी सोडत नाही. तरीही पहाटे नळ सोडावयाची वेळ होते तेव्हा जलकुंभात निम्मेच पाणी उरलेले आढळते. मग कोणी म्हणते, टाकीला गळती लागली. कोणी म्हणते, वाटेत कोणीतरी चोरून जोडणी घेतली. टाकीच्या भिंती तपासल्या जातात, वाहिनीवरची माती उकरून पाहिली जाते. पण ओल कोठेही सापडत नाही.

अशा प्रसंगी पाणी बहुधा चोरीला गेलेले नसते आणि गळूनही गेलेले नसते. ज्या वाहिनीने ते टाकीत आले, त्याच वाहिनीने ते परत गेलेले असते. डोंगरावरचा मुख्य जलकुंभ गावच्या टाकीपेक्षा उंच असतानाही असे घडू शकते आणि हे ऐकणाऱ्याला प्रथम पटत नाही. पाणी उंचावरून सखलाकडे वाहते, हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि तीन जलकुंभ जेव्हा एका तिठ्यावर जोडलेले असतात, तेव्हा मधल्या जलकुंभाने पाणी घ्यावयाचे की द्यावयाचे, हे त्याच्या स्वतःच्या उंचीवरून ठरत नाही. ते तिठ्यावर ठरते.

तिठ्यावरचा हा निर्णय कसा काढावयाचा याची रीत जलशास्त्रात चांगली रुळलेली आहे. तिला मोठे गणित लागत नाही. वर्गमूळ काढता आले आणि बेरीज-वजाबाकी आली की पुरे. एका कल्पित परंतु व्यवहारात आढळणाऱ्या मापांच्या योजनेवरून ती पाहता येईल.

योजनेची मांडणी

समजा, एका डोंगरावर योजनेचा मुख्य जलकुंभ आहे. पंपाने चढविलेले पाणी त्यात पडते आणि त्यातील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६४० मीटरवर राखली जाते. तेथून २५० मिलिमीटर व्यासाची ३,००० मीटर लांबीची वाहिनी खाली उतरते व एका तिठ्याशी येते. तिठ्यापासून दोन फाटे निघतात. पहिला फाटा १५० मिलिमीटर व्यासाचा व १,००० मीटर लांबीचा असून तो मधल्या गावच्या जलकुंभाला तळाशी जोडलेला आहे. हा जलकुंभ आठ मीटर व्यासाचा, तीन मीटर खोलीचा आणि दीड लाख लिटर क्षमतेचा आहे. त्याचा तळ ६३१ मीटरवर असून भरल्यावर पाणी ६३४ मीटरपर्यंत येते. गावात पाणी वाटणारी वाहिनी त्यातून वेगळी निघते.

दुसरा फाटा २०० मिलिमीटर व्यासाचा व ४,००० मीटर लांबीचा आहे. तो खालच्या मोठ्या गावाच्या साठवण टाकीत जातो. तेथे वाहिनी टाकीच्या काठावरून, ६०० मीटर पातळीवर, मोकळी सांडते. त्यामुळे ती टाकी भरलेली असो वा रिकामी, वाहिनीच्या दृष्टीने खालची पातळी ६०० मीटरच राहते.

दिवसा खालच्या गावाची झडप बंद ठेवून मधल्या गावाचा जलकुंभ भरून घेतला जातो. रात्री नऊ वाजता व्हॉल्व्हमन खालची झडप उघडतो आणि पहाटे पाचपर्यंत खालच्या टाकीला पाणी देतो. मधल्या गावाच्या फाट्यावरची झडप मात्र उघडीच राहते. डोंगर गावापेक्षा सहा मीटर उंच आहे, तेव्हा राहिले तर थोडे अधिक पाणीच गावाला मिळेल, अशी त्याची समजूत असते.

जलशीर्ष आणि घर्षण

येथे एका संज्ञेचा परिचय आवश्यक आहे. दाबाखाली वाहणाऱ्या वाहिनीला एखाद्या ठिकाणी भोक पाडून तेथे वर तोंड उघडी असलेली उभी नळी बसविली, तर वाहिनीतील पाणी त्या नळीत काही उंचीपर्यंत चढून स्थिर होईल. ते ज्या पातळीपर्यंत चढते, तिला त्या ठिकाणचे जलशीर्ष म्हणतात. वाहिनी जमिनीखाली कितीही खोल पुरलेली असो, पाणी कोठून कोठे जाईल हे वाहिनीच्या चढ-उतारावरून नव्हे, तर या जलशीर्षावरून ठरते. पाणी अधिक जलशीर्षाकडून कमी जलशीर्षाकडे जाते. जलकुंभातील जलशीर्ष म्हणजे त्याच्या पाण्याची उघडी पातळीच होय.

वाहिनीतून पाणी वाहू लागले की भिंतींशी होणाऱ्या घर्षणामुळे जलशीर्ष वाटेत खर्च होत जाते. जर्मनीतील वाइसबाख आणि फ्रान्समधील दार्सी या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खर्चाचा नियम बसविला. लांबी दुप्पट झाली तर खर्च दुप्पट होतो. प्रवाह दुप्पट झाला तर खर्च चौपट होतो. व्यासाचा परिणाम मात्र फारच तीव्र आहे. तितकेच पाणी निम्म्या व्यासाच्या वाहिनीतून न्यावयाचे तर जलशीर्षाचा खर्च सुमारे बत्तीसपट होतो.

या नियमाने व सामान्य गुळगुळीतपणा धरून प्रस्तुत तीन वाहिन्यांचा हिशेब केला, तर दर सेकंदाला १० लिटर पाणी वाहताना डोंगराच्या वाहिनीत ०.५०८ मीटर, मधल्या गावाच्या फाट्यात २.१७७ मीटर आणि खालच्या गावाच्या फाट्यात २.०६६ मीटर जलशीर्ष खर्च होते. पुढील सर्व गणिताला हे तीन आकडे पुरतात. एखाद्या वाहिनीच्या दोन टोकांत किती जलशीर्षाचे अंतर आहे हे कळले, की त्याला तिच्या आकड्याने भागावे, वर्गमूळ काढावे आणि दहाने गुणावे; दर सेकंदाचा प्रवाह लिटरमध्ये मिळतो.

अज्ञात एकच

अडचण एवढीच की, तिन्ही वाहिन्यांचे एक टोक ज्या तिठ्यावर आहे, तेथील जलशीर्ष कोणालाच माहीत नाही. वरची, मधली व खालची पातळी मोजता येते. तिठा जमिनीखाली आहे व त्याला स्वतःची उघडी पातळी नाही.

परंतु तिठ्याला एक गोष्ट मुळीच शक्य नाही, ती म्हणजे पाणी साठविणे. तेथे एका क्षणाला जेवढे पाणी येते तेवढेच त्या क्षणाला गेले पाहिजे. तिठ्याचे जलशीर्ष फार कमी असेल, तर डोंगरावरून पाणी जोराने येईल आणि खाली कमी जाईल. येणारे अधिक होईल. ते फार जास्त असेल, तर डोंगरावरून कमी येईल आणि खाली अधिक जाईल. या दोहोंच्या दरम्यान एकच असे जलशीर्ष आहे की, ज्याला येणारे व जाणारे पाणी सारखे होते. प्रवाह तीन असले तरी शोधावयाची गोष्ट ही एकच आहे. ती सापडली की तिन्ही प्रवाह आपोआप हाती येतात.

पहिली कसोटी : दिशेची

हा शोध कोठूनही सुरू करता येतो; पण अनुभवी अभियंता तो मधल्या जलकुंभाच्या पातळीपासून सुरू करतो. तिठ्याचे जलशीर्ष मधल्या जलकुंभाच्या पातळीएवढेच, म्हणजे ६३४ मीटर, आहे असे तो धरून चालतो. मग मधल्या फाट्याच्या दोन्ही टोकांना सारखेच जलशीर्ष असल्यामुळे त्यातून पाणी वाहणारच नाही. उरलेल्या दोन वाहिन्यांचाच ताळा पाहावा लागतो.

डोंगर व तिठा यांत अंतर ६ मीटरचे. ६ ला ०.५०८ ने भागून वर्गमूळ काढले व दहाने गुणले, तर ३४.४ येतात. म्हणजे डोंगरावरून दर सेकंदाला ३४.४ लिटर पाणी येईल. तिठा व खालची टाकी यांत अंतर ३४ मीटरचे. ३४ ला २.०६६ ने भागून तीच क्रिया केली, तर ४०.६ लिटर येतात.

येणारे पाणी ३४.४ लिटर आणि जाणारे ४०.६ लिटर. हा ताळा जुळत नाही. दर सेकंदाला ६.२ लिटर कमी पडतात. ते भरून निघण्यासाठी तिठ्याचे जलशीर्ष ६३४ च्या खाली उतरलेच पाहिजे आणि ते उतरले की मधला जलकुंभ तिठ्यापेक्षा वरचढ ठरतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. मधला जलकुंभ पाणी घेत नसून देत आहे. उलट, या कसोटीत येणारे पाणी अधिक भरले असते, तर तिठ्याचे जलशीर्ष वर चढले असते आणि मधला जलकुंभ भरत राहिला असता.

दिशेचा निर्णय असा एका पायरीत होतो. त्यासाठी मधल्या फाट्याचा व्यास किंवा लांबी यांची गरजही पडली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या फाट्यातून पाणी किती वाहील हे त्याच्या मापांवर अवलंबून आहे. कोणत्या बाजूला वाहील हे नाही.

दुसरी कसोटी : प्रमाणाची

आता प्रमाण काढावयाचे. तिठ्याचे जलशीर्ष ६३४ पेक्षा कमी आहे एवढे कळले. म्हणून ६३३ धरून पाहावे. आता डोंगरावरून ७ मीटरच्या अंतराने ३७.१ लिटर येतात. मधल्या जलकुंभातून १ मीटरच्या अंतराने ६.८ लिटर येतात. खाली ३३ मीटरच्या अंतराने ४०.० लिटर जातात. येणाऱ्यांची बेरीज ४३.९ होते, म्हणजे या वेळी पाणी ३.९ लिटरने अधिक येते. उत्तर ६३३ व ६३४ यांच्या दरम्यान आहे. पुढच्या दोन चाचण्यांत ते हाती येते.

| तिठ्याचे जलशीर्ष (मीटर) | डोंगरावरून येणारे | मधल्या गावातून येणारे | खाली जाणारे | शिल्लक किंवा तूट |
|---|---|---|---|---|
| ६३४.०० | ३४.४ | ० | ४०.६ | तूट ६.२ |
| ६३३.०० | ३७.१ | ६.८ | ४०.० | शिल्लक ३.९ |
| ६३३.५० | ३५.८ | ४.८ | ४०.३ | शिल्लक ०.३ |
| ६३३.५४ | ३५.७ | ४.६ | ४०.३ | नाही |

(प्रवाह दर सेकंदाला लिटरमध्ये.)

रात्री नऊ वाजता झडप उघडली त्या क्षणी, तिठ्याचे जलशीर्ष ६३३.५४ मीटर आहे. खालच्या गावाला दर सेकंदाला ४०.३ लिटर पाणी मिळते आहे. पण त्यातील ३५.७ लिटरच डोंगरावरून येतात. बाकीचे ४.६ लिटर मधल्या गावाच्या भरलेल्या टाकीतून निघतात. दर सेकंदाला ४.६ लिटर म्हणजे तासाला साडेसोळा हजार लिटर. वाहिनी जमिनीखाली असल्यामुळे हा प्रवाह दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही आणि त्याची नोंदही होत नाही.

रात्रभरात काय होते?

हा वेग रात्रभर तसाच राहत नाही. जलकुंभाची पातळी उतरते तसा तो मंदावतो. एका विशिष्ट पातळीला मधला फाटा पूर्ण शांत होईल. ती पातळी काढण्याची रीत सोपी आहे. मधला फाटा शांत असेल तर डोंगरावरून येणारे सर्व पाणी खाली जाईल. डोंगर आणि खालची टाकी यांतील ४० मीटर जलशीर्ष दोन वाहिन्यांत ०.५०८ व २.०६६ या प्रमाणात वाटले जाईल. त्यातील सुमारे ७.९ मीटर पहिल्या वाहिनीत खर्च होईल व तिठ्याचे जलशीर्ष ६३२.१ मीटर राहील. मधल्या जलकुंभाची ही समतोल पातळी होय. पाणी तिच्या वर असेल तर जलकुंभ रिता होत जातो, खाली असेल तर भरत जातो.

जलकुंभाचा तळ ६३१ वर आहे. याचा अर्थ, खालची झडप उघडी असेपर्यंत या तीन मीटर खोल टाकीत एक मीटरभर पाणीच टिकून राहू शकते. टाकी उत्तम बांधलेली असली, गळती नसली, डोंगरावर पाणी भरपूर असले, तरी वरचा दोन-तृतीयांश भाग त्या वेळी केवळ शोभेचा ठरतो.

थोड्या थोड्या वेळाने पातळी उतरवीत हिशेब केला, तर पहाटे पाच वाजता म्हणजे आठ तासांनंतर जलकुंभ सुमारे ६३२.५ मीटरपर्यंत उतरलेला असतो. दीड मीटर पाणी, म्हणजे सुमारे ७५ हजार लिटर, खालच्या गावाला गेलेले असते. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागासाठी दर माणशी दर दिवशी ५५ लिटरचे माप धरले आहे. त्या मापाने हे १,३६० माणसांच्या एका दिवसाचे पाणी झाले. सकाळी नळावर हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांना जे कमी पडते, ते हेच.

गळती की उलटा प्रवाह?

कागदावर निघालेला निष्कर्ष जागेवर पडताळता आला पाहिजे. त्याची सर्वांत सोपी चाचणी खर्चाविना होते. एका रात्री मधल्या फाट्यावरची, जलकुंभाजवळची झडप बंद ठेवावी आणि पातळीदर्शकावर रात्री नऊची व पहाटे पाचची पातळी लिहून घ्यावी. पातळी हलली नाही, तर टाकी निर्दोष आहे आणि पाणी फाट्यातूनच परत जात होते. झडप बंद असतानाही पातळी उतरली, तर मात्र टाकीला किंवा वाटप वाहिनीला गळती आहे असे समजून शोध घ्यावा. झडप पूर्ण बसते याची खात्री आधी करून घेणे आवश्यक आहे. बसकण झिजलेली झडप बंद करूनही पाणी सोडत राहते व चाचणी फसवी ठरते.

दुसरा मार्ग तिठ्यावर दाबमापक बसविण्याचा आहे. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब. मापक ५९५ मीटर पातळीवर बसविला असेल, तर खालची झडप बंद असताना तो सुमारे ४.३९ दाखवील, कारण तेव्हा तिठ्याचे जलशीर्ष ६३८.९ च्या आसपास असते व मधली टाकी भरत असते. झडप उघडताच तो ३.८५ वर येईल. भरलेल्या टाकीची पातळी याच मापकावर ३.९० येते. मापकाचा काटा ३.९० च्या वर असेल तर टाकी भरत आहे, खाली असेल तर रिती होत आहे. तथापि येथे सावधगिरी हवी. ३.८५ व ३.९० यांतील फरक साध्या मापकाच्या दोन रेघांच्या मध्ये हरवून जातो. ज्यावर बारीक खुणा आहेत व ज्याची तपासणी नुकतीच झालेली आहे, असाच मापक या कामी उपयोगी पडतो. तो नसेल तर पहिलीच चाचणी अधिक विश्वसनीय होय.

उपाय कोणता?

या योजनेत दिवसा मधला जलकुंभ नीट भरतो. खालची झडप बंद असताना त्याला दर सेकंदाला सुमारे १५ ते १७ लिटर पाणी मिळते, आणि रात्री गेलेले ७५ हजार लिटर भरून यायला, गावात नळ चालू नसतील तर, सव्वा तास पुरतो. प्रश्न भरण्याचा नसून राखण्याचा आहे. अशा स्थितीत मधल्या फाट्यावर एकाच दिशेने उघडणारी परतरोधक झडप बसविणे पुरेसे होते. ती बसविल्यावर खालच्या गावाचे नुकसान किती होईल? मधली टाकी प्रवाहातून वगळली तर डोंगरावरून थेट ३९.४ लिटर पाणी खाली जाते. पूर्वी ते ४०.३ होते. म्हणजे खालच्या गावाला सुरुवातीला सेकंदाला एक लिटरहून कमी घट सोसावी लागेल, आणि मधल्या गावाचे ७५ हजार लिटर वाचतील.

हा विरोधाभास वाटेल. पण त्याचे कारण तिठ्यातच आहे. मधली टाकी पाणी देऊ लागते तेव्हा तिठ्याचे जलशीर्ष थोडे वर राहते. त्यामुळे डोंगरावरून येणारे पाणीच कमी होते. मधल्या टाकीने दिलेल्या ४.६ लिटरपैकी ३.७ लिटर केवळ डोंगराच्या पाण्याची जागा घेतात. खालच्या गावाची खरी वाढ ०.९ लिटरचीच असते. मधल्या गावाचे पाणी जाते आणि त्याचा बहुतांश लाभ कोणालाच होत नाही. तेवढे पाणी डोंगरावरच्या टाकीत शिल्लक राहते, एवढेच.

परतरोधक झडपेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती पाणी जाऊ देत नाही. पण आणूनही देत नाही. दोन्ही गावांना एकाच वेळी पाणी द्यावयाचे असेल, तर तिठ्याचे जलशीर्ष ६३४ च्या वर उचलावे लागेल. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, खालच्या फाट्याची झडप अंशतः मिटविणे. भरलेल्या टाकीलाही सेकंदाला ५ लिटर मिळावेत असे ठरविले, तर तिठ्याचे जलशीर्ष सुमारे ६३४.५ लागते. तेव्हा डोंगरावरून ३२.८ लिटर येतील आणि खाली २७.८ लिटर जातील. म्हणजे खालच्या गावाला सेकंदाला साडेबारा लिटर, आठ तासांत सुमारे ३ लाख ६० हजार लिटर कमी मिळतील. हा उपाय फुकट वाटला, तरी त्याची किंमत खालचे गाव मोजते.

दुसरा मार्ग डोंगराची वाहिनी मोठी करण्याचा. ती २५० ऐवजी ३०० मिलिमीटर व्यासाची असती, तर दर १० लिटरला तिचा खर्च ०.५०८ वरून ०.२०४ मीटरवर आला असता. पहिली कसोटी पुन्हा लावली, तर तिठा ६३४ वर धरता डोंगरावरून ५४.२ लिटर येतात व खाली ४०.६ जातात. आता शिल्लक पडते, म्हणून मधली टाकी भरते. पूर्ण हिशेबात तिठा सुमारे ६३५.२ वर स्थिरावतो, मधल्या गावाला ७.३ लिटर व खालच्या गावाला ४१.३ लिटर मिळतात. दोन्ही गावांचे भागते. परंतु डोंगरावरून आता सेकंदाला ४८.६ लिटर पाणी उतरते. तेवढे पाणी पंपांनी वर चढविले पाहिजे. अन्यथा वरची टाकीच उतरू लागेल आणि प्रश्न एक पायरी वर सरकेल.

हिशेबाच्या मर्यादा

हा हिशेब काही गोष्टी गृहीत धरतो. वरची पातळी स्थिर आहे असे त्यात मानले आहे. रात्री वीज गेली, पंप थांबले आणि डोंगरावरची पातळी एक मीटर उतरली, तर मधल्या गावाची समतोल पातळी ६३२.१ वरून ६३१.३ वर येते. टाकीत मग वीतभर पाणी राहील. वळणे, झडपा व तिठ्याचा जोड यांत होणारा जलशीर्षाचा किरकोळ खर्च येथे सोडून दिला आहे. हजारो मीटर लांबीच्या वाहिन्यांत तो क्षम्य असतो, आखूड वाहिन्यांत नसतो. प्रवाह दुप्पट तर खर्च चौपट हा नियमही ढोबळ आहे. पाणीपुरवठ्याच्या कामांत हेझन-विल्यम्स यांचे सूत्र वापरण्याची प्रथा असून त्यात वर्गाऐवजी १.८५ वा घात येतो. त्यामुळे आकडे थोडे बदलतात, रीत बदलत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा वाहिनीच्या वयाची आहे. आतून अस्तर नसलेल्या जुन्या बिडाच्या वाहिनीत गंजाच्या गाठी धरतात. व्यास घटतो आणि घर्षण वाढते. डोंगराच्या वाहिनीतील खर्च अशा रीतीने दुप्पट झाला, तर समतोल पातळी सुमारे ६२६.८ वर येते. ती मधल्या टाकीच्या तळाच्याही खाली आहे. मग खालची झडप उघडी असताना ती टाकी पूर्ण रिती होईल. योजना सुरू झाली तेव्हा पाणी राहत होते आणि आता राहत नाही, अशी तक्रार असेल, तर संशय प्रथम टाकीवर न घेता मुख्य वाहिनीवर घ्यावा. नकाशावरची जुनी मापे घेऊन केलेला हिशेब अशा ठिकाणी दिशाभूल करतो. म्हणून प्रत्यक्ष प्रवाह व दाब मोजून वाहिनीचा आजचा आकडा आधी काढावा लागतो.

एका तिठ्यापासून जाळ्यापर्यंत

शहरांच्या पाणीपुरवठ्यात असे तिठे शेकड्यांनी असतात आणि एकाचे जलशीर्ष बदलले की शेजाऱ्यांचे बदलते. अंदाज धरावा, ताळा पाहावा आणि चुकीच्या मानाने अंदाज सुधारावा, हीच पद्धत अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली वाहिन्यांच्या संपूर्ण जाळ्याला लावून दाखविली. पुढे अनेक दशके अभियंते ती कागदावर व गणनपट्टीवर करीत. आता तेच काम संगणक क्षणार्धात करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये सिद्ध केलेली ‘एपानेट’ ही प्रणाली त्यासाठी जगभर वापरली जाते.

तीन जलकुंभांच्या योजनेला मात्र संगणकाची वाट पाहावी लागत नाही. तिन्ही पातळ्या, तिन्ही वाहिन्यांची मापे आणि एक कोरा कागद यांवर, मधल्या जलकुंभाची भरलेली पातळी तिठ्यावर धरून येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचा ताळा पाहता येतो. योजनेचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी ही एक कसोटी लावली, तर मधल्या गावाची टाकी रात्री घेणारी ठरेल की देणारी, हे पहिला दगड बसण्याआधीच कळते. टाकीची जागा दोन मीटर खाली घ्यावी, वाहिनी एक माप मोठी घ्यावी, की फाट्यावर परतरोधक झडप बसवावी, याचा निर्णय तेव्हा कागदावर होऊ शकतो. टाकी उभी राहिल्यावर तोच निर्णय जमीन उकरून करावा लागतो.